नुसता गणिताचा फोटो आला, सोबत एक शब्द नाही: पूर्ण पायऱ्या, सूचना की फक्त उत्तर?

रात्री साडेनऊच्या सुमाराला फोन वाजतो. बघावं तर पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो. कोपऱ्यात अंगठा, वर दिव्याचा चमकारा, एका बाजूने ओळी कापलेल्या. खाली काहीच लिहिलेलं नाही. "ताई, हे येत नाही" एवढंही नाही.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या दहावीच्या मुलांसाठी मी फोनवर शंका सोडवायला लागले. शाळा सुरू झाल्या तरी फोटो येत राहिले आणि मीही सोडवत राहिले. पहिल्या वर्षी कोणताही फोटो आला की मी तो पूर्ण सोडवून पाठवायचे. एका मुलीला वर्गसमीकरणाचं एक उदाहरण असंच सोडवून पाठवलं. तिने ते आधीच अवयव पाडून बरोबर सोडवलं होतं, तिला फक्त उत्तर जुळतंय का ते बघायचं होतं. मी सूत्र वापरलं होतं, म्हणून आपली रीत चुकली असं समजून तिने वहीतलं सगळं खोडलं आणि माझं उतरवून घेतलं. हे मला आठवड्याने कळलं. याच्या उलटही एकदा झालं. परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलाला मी "आधी स्वतः प्रयत्न कर, ही सूचना घे" असं लिहिलं. त्याने तीन वेळा प्रयत्न केलेलाच होता. त्यानंतर त्याने फोटो पाठवणंच थांबवलं.

दोन्ही वेळा माझं गणित बरोबर होतं, पण त्या मुलांना हवं होतं ते वेगळंच. तुम्ही नव्याने शिकवणी घेत असाल, मोठा भाऊ किंवा बहीण म्हणून घरातल्या दहावीवाल्याला मदत करत असाल, किंवा आमच्यासारखं स्वयंसेवी काम हाती घेतलं असेल, तर मला जे उशिरा समजलं ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असावं म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं राज्य मंडळाच्या दहावीची आहेत, कारण मला तीच नीट माहीत आहेत.

आधी हाताशी काय हवं

बालभारतीची दोन्ही पुस्तकं, म्हणजे गणित भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती). छापील असली तर उत्तम, नाहीतर फोनमध्ये उतरवून ठेवा. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते ते पान खुणेचं करून ठेवा, ते सारखं लागतं. मंडळाच्या एक-दोन जुन्या प्रश्नपत्रिका, कोरे पांढरे कागद आणि ठळक उमटणारं काळं पेन. पेन्सिलीने लिहिलेलं फोटोत पुसट येतं, आणि चौकटीच्या वहीवर लिहिलं तर वजाचं चिन्ह रेघेत हरवतं. मुलांची पुस्तकं मराठी माध्यमाची आहेत की सेमी इंग्रजीची, हेही लिहून ठेवा. सेमीच्या मुलाला "विवेचक" म्हटलं तर कळत नाही, त्याला "डिस्क्रिमिनंट"च सांगावं लागतं.

## १. सोडवायच्या आधी फोटो वाचा

मूल काही बोललेलं नसलं तरी फोटोतून बरंच कळतं. मी चार गोष्टी बघते.

पहिली म्हणजे नेमकं कोणतं उदाहरण. पानावर सहा उदाहरणं असतात आणि फोटो सगळ्या पानाचा असतो. फोटो मोठा करून बघा. बहुतेक वेळा पेन्सिलीची बारीक टिकली, अधोरेखित आकडा किंवा उदाहरणाच्या क्रमांकाभोवती गोल असतो. तसं काही नसेल तर फोटोच्या मध्यावर काय आलंय ते बघा, पण त्यावर विसंबू नका. अशा वेळी "कितवं?" असं विचारायलाच हवं. चुकीचं उदाहरण सोडवण्यात माझी कित्येक संध्याकाळी अर्धा-अर्धा तास गेला आहे.

दुसरी म्हणजे वही दिसते का. पुस्तकाच्या कडेला वहीचा कोपरा, त्यावर दोन खोडलेल्या ओळी, समासात केलेला गुणाकार. एवढं दिसलं तरी मुलाने हात घातला होता आणि ते कुठेतरी अडलं हे कळतं. याला पूर्ण पायऱ्या पाठवायची घाई करू नका. आधी ती वही मागा.

तिसरी म्हणजे सरावसंचाचा क्रमांक. नवीन लोकांचं याकडे हमखास दुर्लक्ष होतं. बीजगणितात वर्गसमीकरणाच्या प्रकरणात सरावसंच २.२ अवयव पद्धतीचा आहे, २.३ पूर्ण वर्ग पद्धतीचा, २.४ सूत्राचा आणि २.६ शाब्दिक उदाहरणांचा. २.३ मधलं उदाहरण तुम्ही अवयवांनी सोडवलंत तर उत्तर बरोबर येईल, पण मुलाच्या कामाचं काही नाही, कारण उद्या वर्गात त्याला पूर्ण वर्ग करून दाखवायचा आहे. फोटोत वरचा मथळा आला नसेल तर पुस्तकात ते उदाहरण शोधा आणि कोणत्या संचातलं आहे ते बघा.

चौथी म्हणजे काय कापलं गेलंय. उदाहरण स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून घ्या, म्हणजे अपुरं असेल तर लगेच लक्षात येतं. घातांकाचा 2 पुसट येऊन x² चं x झालेलं असतं, "सोबतच्या आकृतीत" असं लिहिलेलं असतं आणि आकृती पुढच्या पानावर गेलेली असते. महत्त्वमापनात `π = 3.14` की `22/7` हे कंसात दिलेलं असतं, नेमका तो कंस कापला जातो. त्रिज्या १० असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ एका किमतीने ३१४ येतं आणि दुसऱ्या किमतीने ३१४.२८ च्या आसपास. मूल उत्तरसूचीशी ताडून बघतं आणि आपलं चुकलं असं धरून चालतं.

## २. एकच प्रश्न विचारा, आणि तो आकड्यात उत्तर देता येईल असा

"काय हवंय?" असं विचारलंत तर "हे" असं उत्तर येतं. "कुठे अडलंय?" विचारलंत तर "पूर्ण". मुलं उद्धट नसतात. कुठे अडलं हे सांगता येणं हीच एक अवघड गोष्ट आहे, आणि ज्याला ते नेमकं सांगता येतं त्याचं निम्मं काम झालेलं असतं. म्हणून मी हा मजकूर फोनमध्ये साठवून ठेवला आहे आणि तोच पाठवते:

> फोटो मिळाला. फक्त आकडा पाठव.
> १ – मी सोडवलंय, उत्तर तपासायचंय
> २ – सुरुवातच सुचत नाही
> ३ – मध्येच अडलंय (वहीचा फोटो पाठव)
> ४ – पूर्ण सोडवून हवंय

यातला चौथा पर्याय ठेवायला मी बरेच दिवस कां-कूं करत होते. वाटायचं, सगळे तोच निवडतील. तसं झालं नाही. आणि जे निवडतात त्यांच्याकडे बहुधा कारण असतं. शाळा बुडालेली असते, आजारपण झालेलं असतं, किंवा त्या पद्धतीचं एकही सोडवलेलं उदाहरण त्यांनी पाहिलेलं नसतं. एकही नमुना न पाहिलेल्या मुलाला सूचना देण्यात अर्थ नाही.

उत्तराची वाट बघताना रिकामं बसू नका, उदाहरण स्वतः शेवटपर्यंत सोडवा. सूचना द्यायची असली तरी आधी पूर्ण सोडवायला हवं. अर्धवट सोडवून दिलेली सूचना पुढे भलत्याच वाटेला नेते.

## ३. उत्तर आलंच नाही तर

बऱ्याचदा येत नाही. फोन आईचा असतो, ती तो घेऊन कामाला लागते, किंवा मूल जेवायला बसतं. मी दहा मिनिटं थांबते आणि मग उदाहरणाच्या जातीवरून ठरवते.

शाब्दिक उदाहरण असेल आणि वही दिसत नसेल, तर मांडणीपर्यंतची सूचना पाठवते: काय x मानायचं आणि कोणत्या अटीवरून समीकरण बनवायचं. याचं कारण असं की पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाचं उत्तर मुलाकडे आधीच असतं, मागच्या उत्तरसूचीत. म्हणजे फोटो नुसत्या उत्तरासाठी आलेला असण्याची शक्यता कमी. आणि माझ्या अनुभवात शाब्दिक उदाहरणात मुलं समीकरण सोडवताना क्वचित अडतात, अडतात ती वाक्याचं समीकरण करताना.

चौकटी भरायची कृती असेल, म्हणजे मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न २ (अ) आणि ३ (अ) मध्ये येतात तशी, तर मी सगळ्या चौकटी भरून पाठवते. तिथे रीत छापलेलीच असते, लपवण्यासारखं काही नसतं. प्रत्येक चौकटीपुढे ती किंमत कुठून आली ते चार शब्दांत लिहिते.

बहुपर्यायी प्रश्न असेल तर पर्याय आणि कारणाची एक ओळ. शिष्यवृत्ती परीक्षेची मुलं अशा प्रश्नांचे फोटो झुंडीने पाठवतात, त्यांना पायऱ्यांचं पान पाठवलं तर ती वाचतही नाहीत.

भूमितीत सिद्धता असेल तर फक्त रचना सांगते. वर्तुळाची स्पर्शिका दिली असेल तर "केंद्र स्पर्शबिंदूला जोड आणि तिथला कोन किती ते लिही" एवढं पुरतं. अडण्याचं कारण बहुतेक वेळा ती एक न काढलेली रेघच असते.

आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर हे सगळं बाजूला ठेवून पूर्ण पायऱ्या पाठवते. म्हणून परीक्षांचं वेळापत्रक मी भिंतीवर लावून ठेवते.

## ४. एक उदाहरण तिन्ही रीतींनी

समजा फोटोत हे उदाहरण आहे:

*एक बस १८० किमी अंतर एकसमान वेगाने जाते. तिचा वेग ताशी ५ किमीने जास्त असता तर तेच अंतर जायला २४ मिनिटे कमी लागली असती. बसचा वेग काढा.*

फक्त उत्तर द्यायचं तर: ताशी ४५ किमी. पण यासोबत मी पडताळा जरूर पाठवते. ताशी ४५ ने १८० किमीला ४ तास, ताशी ५० ने ३ तास ३६ मिनिटं, फरक २४ मिनिटांचा. दोन ओळींचंच काम, पण त्यामुळे मुलाला पुढच्या वेळी आपलं उत्तर आपणच तपासता येतं आणि त्यासाठी फोटो पाठवावा लागत नाही.

सूचना द्यायची तर मी ती तीन टप्प्यांत तयार ठेवते आणि एका वेळी एकच पाठवते.

पहिली: "मूळ वेग x धर. मग १८० किमीला किती तास लागतील? आणि वेग x + 5 झाला तर किती? दोन अपूर्णांक लिहून पाठव."

दुसरी: "यातला मोठा अपूर्णांक कोणता? मोठ्यातून लहान वजा कर. ही वजाबाकी तासांत आहे, २४ मिनिटांचे तास किती?"

तिसरी: "दोन्ही बाजूंचे छेद काढ. x² + 5x − 2250 = 0 आलं का? आता गुणाकार 2250 आणि फरक 5 असलेल्या दोन संख्या शोध."

प्रत्येक सूचना एका ओळीत उत्तर देता येईल अशा प्रश्नावर संपते, हे बघा. "नीट विचार कर" किंवा "वेग, अंतर, वेळ यांचं सूत्र वापर" ही सूचना झाली नाही. सूत्र त्याला पाठ असतं. ते दोन वेळा वापरायचं आहे आणि दोन्ही वेळांची वजाबाकी करायची आहे, हे त्याला दिसलेलं नसतं.

पूर्ण पायऱ्या द्यायच्या तर मी कागदावर अशा लिहिते:

```
समजा, बसचा वेग = x किमी/तास
180 किमी जाण्यास वेळ = 180/x तास
वेग (x + 5) असता वेळ = 180/(x + 5) तास
24 मिनिटे = 24/60 = 2/5 तास

दिलेल्या अटीनुसार,
180/x − 180/(x + 5) = 2/5
180 × 5 / [x(x + 5)] = 2/5
2x(x + 5) = 4500
x² + 5x − 2250 = 0
x² + 50x − 45x − 2250 = 0
(x + 50)(x − 45) = 0
x = −50 किंवा x = 45
परंतु वेग ऋण नसतो, ∴ x = 45
बसचा वेग ताशी 45 किमी.
```

हे उदाहरण प्रश्न ४ मध्ये आलं तर चार गुणांचं असतं. म्हणून "समजा", "दिलेल्या अटीनुसार" आणि "वेग ऋण नसतो" या ओळी सोडू नका. आपल्याला त्या उघड वाटतात, पण नेमक्या त्याच मुलांच्या वहीत नसतात. −50 ही किंमत का सोडली ते न लिहिता थेट 45 लिहिणारी मुलं मी दरवर्षी बघते.

## ५. वहीचा फोटो आला तर चूक ओळखायची कशी

मुलाने "३" पाठवून वहीचा फोटो दिला की मी वरपासून वाचत बसत नाही. आधी त्याचं शेवटचं समीकरण बघते. प्रत्येक चूक आपली खूण मागे ठेवते, आणि वरच्या उदाहरणात त्या खुणा अगदी स्पष्ट आहेत.

वहीत x² + 5x + 2250 = 0 असेल तर त्याने वजाबाकी उलटी केली, म्हणजे वाढलेल्या वेगाच्या वेळेतून मूळ वेळ वजा केली. विवेचक 25 − 9000 येतो, ऋण, म्हणून मूल थांबतं आणि "सुटतच नाही" म्हणतं. त्याला बाकी काही सांगायची गरज नाही. "वेग वाढला तर वेळ वाढतो की कमी होतो?" एवढा प्रश्न पुरतो.

वहीत x² + 5x = 37.5 असं दिसलं तर त्याने २४ मिनिटं तशीच ठेवली, तास केलेच नाहीत. आणि x² + 5x − 3750 = 0 असेल तर २४ मिनिटांचे त्याने 0.24 तास केले. ही दुसरी चूक फार फसवी आहे, कारण समीकरण वरकरणी ठीक दिसतं. विवेचक 15025 येतो, त्याचं वर्गमूळ पूर्ण निघत नाही आणि मूल आकडेमोड तपासत अर्धा तास घालवतं, जेव्हा आकडेमोड बरोबरच असते. मी त्याला विचारते, "अर्धा तास म्हणजे ०.३० तास का?" मग त्याचं त्यालाच कळतं.

पुस्तकातल्या उदाहरणात विवेचक विचित्र आला तर आधी मांडणीकडे परत जायचं, ही सवय मुलांना लावा. मात्र हे शाब्दिक उदाहरणांपुरतंच. सूत्राच्या सरावसंचात करणीतली उत्तरं मुद्दाम दिलेली असतात.

अशा वेळी पूर्ण पायऱ्या पाठवू नका. ज्याची एकच ओळ चुकली आहे त्याच्या हाती नवं पान दिलं की तो ते उतरवून घेतो, आणि आपली कोणती ओळ चुकली होती हे त्याला कधीच कळत नाही. त्याच्याच फोटोवर त्या ओळीभोवती गोल करून परत पाठवा. फोनमध्ये ते सहज करता येतं.

## ६. पाठवण्याची रीत

अपूर्णांक टाइप करून पाठवू नका. वेळ आहे `180/(x+5)`, पण घाईत तुम्ही कंस विसरून `180/x+5` लिहिता आणि मूल ते "180 भागिले x, अधिक 5" असं वाचतं. यात त्याची चूक नाही, तसंच लिहिलेलं आहे. वर चौकटीत मी कंस घालून लिहिलंय ते इथे दुसरा उपाय नाही म्हणून. एरवी आडव्या रेघेचा अपूर्णांक हाताने काढायचा आणि फोटो पाठवायचा. घातांक, करणी आणि कोनाची चिन्हंही हातानेच लिहिलेली बरी.

एका ओळीत एकच पायरी. फोटो वरून सरळ घ्या, स्वतःची सावली कागदावर पडू देऊ नका. पूर्ण पायऱ्या दोन फोटोंत मावत असतील तर त्यांवर १ आणि २ असे आकडे घाला, कारण मुलाच्या फोनवर ते उलटसुलट क्रमाने उघडतात.

उत्तरसूचीशी तुमचं उत्तर जुळत नसेल तर पुस्तक चुकलं असं लगेच म्हणू नका. बहुतेक वेळा रूप वेगळं असतं. तुमचं √12 असतं, पुस्तकाचं 2√3. ही दोन्ही एकच आहेत हे मुलाला सांगा, नाहीतर ते बरोबर उत्तर खोडेल.

## ७. सूचना कुठे थांबवायची

दोन सूचनांनंतरही मूल हललं नाही तर तिसरीचा आग्रह मी धरत नाही. तोवर रात्रीचे सव्वादहा झालेले असतात आणि मुलाला आपण परीक्षा घेतोय असं वाटायला लागलेलं असतं. मी पूर्ण पायऱ्या पाठवते आणि त्याखाली एक जुळं उदाहरण लिहिते: तीच रचना, आकडे वेगळे. ते दुसऱ्या दिवशी करून वहीचा फोटो पाठवायचा.

जुळं उदाहरण बनवताना आकडे मनाला येतील ते घेऊ नका, मुळं वाकडीतिकडी येतात. उत्तरापासून मागे या. आधी दोन वेग ठरवा, समजा ५० आणि ६०. दोघांनी नि:शेष किंवा अर्ध्यात भाग जाईल असं अंतर घ्या: १५० किमी. मग वेळ ३ तास आणि अडीच तास, फरक ३० मिनिटांचा. उदाहरण तयार झालं: १५० किमी, वेग ताशी १० ने जास्त, ३० मिनिटं कमी. समीकरण x² + 10x − 3000 = 0 येतं, मुळं 50 आणि −60. दोन मिनिटांत होतं, आणि मुलाने नुसतं उतरवलं की समजून घेतलं हे यातूनच कळतं.

## ८. नेहमीचे फसवे प्रसंग

*अख्ख्या सरावसंचाचा फोटो.* बारा उदाहरणं, एकही टिकली नाही. हा बहुधा उद्या दाखवायचा गृहपाठ असतो. मी त्यातलं एक पूर्ण सोडवते, एकाची सूचना देते, आणि बाकीच्यांतलं जे अडेल ते वहीसकट पाठव म्हणून सांगते.

*शाळेच्या वेळात आलेला प्रश्नपत्रिकेचा फोटो.* सकाळी अकरा वाजता घटक चाचणीचा ताजा कागद, मागे बाकाची कड. तो सोडवू नका, सूचनाही नको, उत्तरही नको. "संध्याकाळी बोलू" एवढंच लिहा. संध्याकाळी मात्र न रागावता पूर्ण सोडवून द्या.

*एकाच उदाहरणाचा फोटो चार मुलांकडून.* वर्गात ते शिकवलं गेलेलं नसतं किंवा घाईत उरकलेलं असतं. चौघांना वेगवेगळ्या सूचना देत बसण्यापेक्षा एकदा पूर्ण सोडवून सगळ्यांना पाठवा आणि प्रत्येकाला वेगळं जुळं उदाहरण द्या.

*धाकट्या भावंडाचा फोटो.* क्रमांक दहावीच्या मुलीचा, उदाहरण चौथीचं. इथे x मानून सोडवलंत तर ते दोघांनाही उपयोगाचं नाही. इयत्ता विचारा, आणि त्या इयत्तेच्या पुस्तकात ते कसं सोडवलंय ते बघूनच लिहा.

मुलांशी बोलणं रात्री चालतं, म्हणून पालकांपैकी एकाचा क्रमांक सुरुवातीलाच घ्या आणि आपण कोण, काय करतो हे त्यांना फोन करून सांगा. आमच्या गटात साडेदहानंतर कोणी उत्तर देत नाही, आणि हे मुलांनाही माहीत आहे.

## ९. नोंद ठेवा

एका वहीत तारीख, सरावसंच, मुलाने पाठवलेला आकडा आणि कुठे अडलं हे चार रकाने पुरतात. महिन्याभराने उघडून बघा. माझ्या वहीत एका मुलापुढे लागोपाठ "२" होते, म्हणजे त्याला सुरुवातच सुचत नव्हती. त्याच्यासाठी मी आकडेमोड पूर्ण सोडून दिली आणि दोन आठवडे फक्त मांडणी करून घेतली: समीकरण लिहायचं, सोडवायचं नाही, फोटो पाठवायचा. तिसऱ्या आठवड्यात वरच्या बसच्या उदाहरणाचं जुळं त्याला दिलं. रात्री नऊला वहीचा फोटो आला, नेहमीसारखाच, एक शब्द न लिहिता. शेवटच्या ओळीत x = −60 वर एक काट मारली होती आणि पुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, "वेग ऋण नसतो". खाली सहा मिनिटांनी आकडा आला: १.